ऑप्टिप्लेक्समध्ये ग्राफिक कार्ड: प्लगच्या आधी वॅट मोजा

प्रश्न: ऑफिसच्या लिलावातून डेल ऑप्टिप्लेक्स ७०२० मिनी टॉवर घेतलाय. आय५-४५९०, ८ जीबी रॅम, मॉनिटर जुना व्हीजीएवाला. धाकट्या भावाला जीटीए फाइव्ह आणि व्हॅलोरंट खेळायचंय. एक दुकानदार म्हणतो, डेलचा प्लग वेगळा असतो, एसएमपीएस बदलता येत नाही, कार्डाचं विसरा. दुसरा म्हणतो, सेकंडहँड आरएक्स ५८० घ्या, साटाचा कन्व्हर्टर लावून चालवून देतो. कोणाचं ऐकू?

उत्तर:

दोघांचंही ऐकू नका. पहिल्याचं अर्धं खरं आहे. दुसऱ्याचं ऐकलंत तर मशीन जाईल, आणि नशीब वाईट असेल तर घरात धूरही होईल. तुमच्या मशीनमध्ये कार्ड बसतं, तेही एसएमपीएसला हात न लावता. फक्त कार्ड असं निवडायचं की त्याला वेगळी पॉवर केबल लागतच नाही. तसं केलं की डेलचा प्लग वेगळा आहे की नाही हा प्रश्नच तुमच्यापुढे येत नाही.

आधी मशीनबद्दल. ७०२० हे नाव डेलने दोनदा वापरलंय. एकदा २०१४ मध्ये, चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरसाठी, आणि पुन्हा २०२४ मध्ये, अगदी नव्या मॉडेलसाठी. तुमचा प्रोसेसर ४५९० आहे म्हणजे तुमचं मशीन जुनं. इंटरनेटवर ७०२० शोधून वाचताना किंवा सुटा भाग मागवताना हे लक्षात ठेवा, नाहीतर भलत्याच मशीनची माहिती हातात पडते.

आता झाकण काढून आत बघा. साध्या कॉम्प्युटरमध्ये एसएमपीएसमधून मदरबोर्डला २४ पिनांचा जाडजूड प्लग जातो. तुमच्यात तो नाही. एक ८ पिनांचा प्लग आहे आणि प्रोसेसरजवळ एक ४ पिनांचा. एसएमपीएसमधून निघणाऱ्या केबल एवढ्याच. मग हार्डडिस्कला करंट कुठून येतो? मदरबोर्डवरून. बोर्डावर एक छोटं सॉकेट आहे, तिथून वायर निघून डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्हपर्यंत जाते. ही रचना नीट समजून घ्या, कारण दुसऱ्या दुकानदाराचा कन्व्हर्टर डिस्कच्या याच साटा प्लगमधून कार्डाला करंट देतो आणि नेमका इथेच घात करतो.

साध्या एसएमपीएसमधून १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट असे तीन प्रमुख दाब बाहेर पडतात. ऑफिसच्या या मशीनमध्ये कंपनी एसएमपीएसकडून कामाचा सगळा करंट १२ व्होल्टमध्येच घेते. डिस्कला लागणारे ५ व्होल्ट मदरबोर्ड स्वतः तयार करतो. असा एसएमपीएस सुटसुटीत होतो आणि वीज कमी वाया जाते. प्लग वेगळा असण्याचं मूळ कारण हे आहे. एचपीच्या एलिटडेस्कमध्ये, लेनोवोच्या थिंकसेंटरमध्येही तोच विचार आहे, पिनांची संख्या तेवढी बदलते. कुठे ६, कुठे ७, कुठे १०, कुठे १४. डेलनेही पुढच्या ३०४०, ५०४०, ७०४० मालिकेत ८ पिन सोडून ६ पिन घेतल्या.

आता साटाच्या कन्व्हर्टरचा हिशोब. आरएक्स ५८० हे कार्ड जोरात चाललं की साधारण १८५ वॅट खातं. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कोणत्याही कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. उरलेले ११० वॅट कार्डाच्या ८ पिनांच्या प्लगमधून आले पाहिजेत. साटाच्या पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीनच पिना असतात आणि प्रत्येक पिन दीड अँपियरसाठी बनवलेली असते. तीन गुणिले दीड म्हणजे साडेचार अँपियर, त्याला १२ व्होल्टने गुणलं की ५४ वॅट. तेही प्लग नवा, पिना घट्ट आणि वायर चांगली असेल तर. त्यातून तुम्ही ११० वॅट ओढणार. शिवाय तुमच्या मशीनमध्ये हा करंट एसएमपीएसमधून थेट येत नाही, तो मदरबोर्डवरच्या एका बारीक तांब्याच्या पट्टीतून आणि छोट्या सॉकेटमधून येतो. ती वाट एका-दोन डिस्कसाठी बांधलेली आहे. डिस्कला चालताना पाच-सात वॅट लागतात.

माझ्याकडे अशाच प्रकारचं एक ऑफिस मशीन आलं होतं. कंपनी वेगळी, पण डिस्कचा करंट बोर्डावरूनच. गिऱ्हाईक म्हणाला, तीन दिवस मस्त चाललं, चौथ्या दिवशी गेम चालू असताना बंद पडलं आणि खोलीत जळका वास आला. उघडलं तर कन्व्हर्टरचं काळं प्लास्टिक पिनांभोवती मेणासारखं ओघळलेलं, पिवळ्या वायरचं वरचं आवरण इंचभर तपकिरी झालेलं, आणि बोर्डावरचं सॉकेट एका बाजूने फुगलेलं. कार्ड वाचलं, मदरबोर्ड गेला. ऑफिस मशीनचा बोर्ड बाजारात सहज मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याच आकाराचा, त्याच प्लगचा शोधावा लागतो. तीन दिवस चाललं हे लक्षात घ्या. असा कन्व्हर्टर लावल्या लावल्या जळत नाही, म्हणून दुकानात लावून दाखवला तर चालतोच. जळतो तो नंतर, तुमच्या घरी.

त्यात मूळ एसएमपीएसही पुरत नाही. तुमच्या मिनी टॉवरला २९० वॅटचा आहे, बाजूच्या लेबलवर लिहिलेलं असेल. प्रोसेसरचे ८४ वॅट, कार्डाचे १८५, आणि बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ३५-४० धरले तर बेरीज ३०० च्या वर जाते.

मग कोणतं कार्ड? ज्याला लागणारे सगळे वॅट स्लॉटमधूनच मिळतात ते. आज नवं घ्यायचं तर मी आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं रूप सुचवेन. ते ७० वॅटमध्ये चालतं आणि त्यावर पॉवर प्लग नसतोच. इथे नावाचा मोठा घोटाळा आहे. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीवालं रूप आधी आलं होतं, ते १३० वॅट खातं आणि त्याला प्लग लागतो. ६ जीबीवालं फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. खोक्यावर दोन्हीकडे ३०५० लिहिलेलं असतं. म्हणून खोका उघडून कार्डाची वरची कड बघा. तिथे काळं पिनांचं सॉकेट दिसलं तर ते कार्ड परत ठेवा.

तेवढं बजेट नसेल तर सेकंडहँड जीटीएक्स १६५० किंवा १०५० टीआय. दोन्हींचा मूळ आकडा ७५ वॅट. पण १६५० च्या बऱ्याच कार्डांना बनवणाऱ्यांनी वेग थोडा वाढवून ६ पिनांचा प्लग दिलाय, आणि १६५० सुपरला तर तो लागतोच. म्हणून इथेही कड बघूनच पैसे द्या. चॅटवर आलेल्या फोटोवर भागवू नका, कार्डाचा वरच्या बाजूने काढलेला फोटो मागा.

आरएक्स ६४०० चंही नाव कोणीतरी सुचवेल. ५३ वॅटचं आहे, अरुंद कॅबिनेटमध्ये उत्तम बसतं. पण ते मदरबोर्डशी चारच लेनने, म्हणजे डेटा ये-जा करायच्या चारच वाटांनी बोलतं आणि त्यावर ४ जीबीच मेमरी आहे. गेमला त्याहून जास्त मेमरी लागली की कार्डाला सारखं बोर्डावरून सामान आणावं लागतं, आणि तुमच्या पिढीच्या बोर्डावर तो रस्ता नव्या बोर्डाच्या निम्म्या रुंदीचा आहे. मग गेम अधूनमधून अडखळतो. जागेची अडचण नसताना मी ते घेणार नाही. इंटेलच्या आर्क कार्डांना तर नव्या बोर्डांमधली एक सोय चालू असावी लागते, ती नसेल तर त्यांचा वेग फार पडतो. तुमच्या मशीनसाठी ती सोडून द्या.

३०५० चा हिशोब मांडून बघू. प्रोसेसर ८४, कार्ड ७०, बाकी सगळं ४०. झाले १९४ वॅट. २९० च्या एसएमपीएसवर जवळपास शंभर वॅट शिल्लक राहतात. तेही प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी पूर्ण जोरात आहेत असं धरून, जे गेममध्ये क्वचितच होतं. एसएमपीएस दहा वर्षांचा जुना आहे म्हणून थोडी घट धरली तरी चिंता नाही.

कोणी म्हणेल, एवढ्यात समाधान का मानायचं, मोठं कार्डच घेऊ. तुमच्या आय५-४५९० ला चार कोअर आहेत आणि चारच थ्रेड. जीटीए फाइव्हमध्ये गर्दीच्या रस्त्यावर हे चारही पूर्ण भरतात. मोठं कार्ड घातलंत तरी ते प्रोसेसरची वाट बघत बसतं. या प्रोसेसरला ७० वॅटच्या वर्गातलं कार्डच शोभतं, त्यापुढे टाकलेल्या पैशाचा मोबदला झपाट्याने कमी होतो. उरलेल्या पैशात रॅम ८ ची १६ करा आणि एसएसडी नसेल तर टाका. रॅम घेताना डीडीआर३ आणि दोन पट्ट्यांची जोडी बघा. एकाच पट्टीवर चाललेलं मशीन गेममध्ये जाणवण्याइतकं मागे पडतं.

चौथ्या पिढीचं मशीन मिळालं हे मात्र चांगलं झालं. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ नावाच्या सूचना नाहीत, आणि काही नवे गेम त्यांच्याशिवाय सुरूच होत नाहीत. शिवाय त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांचं बायोस नव्या कार्डाला ओळखत नाही. सगळं नीट लावूनही स्क्रीन काळीच राहते, आणि दोष कार्डाचा वाटतो.

आता जागेचं बघू. मिनी टॉवरमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड बसतं, त्यामुळे अर्धी लढाई जिंकलीच. अडतं ते लांबीला. पुढच्या बाजूला डिस्कचा पिंजरा आहे आणि लांब कार्डाचं नाक त्याला टेकतं. मी पुठ्ठ्याची पट्टी कापून घेतो. घ्यायच्या कार्डाची लांबी वेबसाइटवरून बघायची, तेवढी लांब आणि चार सेंटीमीटर जाड अशी पुठ्ठ्याची पेटी करून स्लॉटच्या जागी धरायची. पेटी डिस्कच्या केबलला, रॅमच्या खटक्याला, साटाच्या वायरींना लागते का ते लगेच दिसतं. टेपने लांबी बरोबर भरते, पण साटा केबलचं सरळ उभं टोक टेपला दिसत नाही, ते पुठ्ठ्याला अडतं. तसं झालं तर काटकोनात वळलेल्या टोकाची साटा केबल घ्या. एकच पंखा असलेली छोटी ३०५० कार्डं साधारण १७ सेंटीमीटरची मिळतात, ती निवडा. तीन पंख्यांचं कार्ड या वॅटला फक्त दिसायला भारी.

बोर्डावर लांब स्लॉट दोन आहेत. प्रोसेसरच्या जवळचा खरा सोळा लेनचा, कार्ड तिथेच लावा. दुसरा दिसायला तसाच लांब असला तरी आत चारच लेनच्या तारा आहेत.

बसवायच्या आधी दोन कामं करून घ्या. पहिलं, विंडोज कोणत्या पद्धतीने सुरू होतं ते तपासा. विंडोजचं बटण आणि R दाबून `msinfo32` टाइप करा आणि `BIOS Mode` ची ओळ वाचा. `UEFI` असेल तर उत्तम. `Legacy` असेल तर मशीन जुन्या पद्धतीने चालतंय, आणि नव्या कार्डाशी कधी कधी त्याचं जमत नाही. विंडोज १० असेल तर पुन्हा न टाकता बदल करता येतो. आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे घ्या, मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ही पहिली ओळ चालवा:

```
mbr2gpt /validate /allowFullOS
mbr2gpt /convert /allowFullOS
```

पहिल्या ओळीने फक्त तपासणी होते. ती बिनचूक झाली तरच दुसरी चालवा. मग मशीन बंद करून चालू करताना F2 दाबून सेटिंगमध्ये जा आणि `Boot Sequence` मध्ये `UEFI` निवडा. तिथे असतानाच `Video` मध्ये मुख्य डिस्प्ले `Auto` वर आहे का बघा. बायोस जुनं असेल तर डेलच्या साइटवरून तुमच्या सर्व्हिस टॅगचं शेवटचं बायोस घालून घ्या. हे कार्ड बसवायच्या आधी करायचं, कारण नंतर स्क्रीनच आली नाही तर काहीच करता येत नाही.

दुसरं काम मॉनिटरचं. तुमचा मॉनिटर व्हीजीएचा आहे आणि ३०५० वर व्हीजीए नसतं. एचडीएमआय नाहीतर डिस्प्लेपोर्टचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागेल, आणि तो आत चिप असलेला हवा. नुसत्या वायरी जोडलेली स्वस्त केबल चालत नाही, कारण एका बाजूला डिजिटल सिग्नल आहे आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅनालॉग. कार्ड लावल्यावर केबल कार्डाच्याच पोर्टमध्ये लावायची. "कार्ड लावलं आणि डिस्प्ले गेला" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये सर्वांत जास्त वेळा हेच निघतं, केबल अजून मदरबोर्डच्या जुन्या पोर्टात असते.

बसवताना वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट उतरतो, मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून कार्ड हाताळा. मागची पट्टी डेलच्या निळ्या खटक्याखाली नीट बसली पाहिजे. या खटक्यांना स्क्रू नसतो, आणि खटका अर्धवट लागला तर कार्ड मागून तिरपं राहतं. वरून सरळ दिसतं, पण सोनेरी पट्टीचं एक टोक स्लॉटच्या बाहेर केसभर उचललेलं असतं. डोळा स्लॉटच्या पातळीला आणून बघा.

मागच्या पावसाळ्यात एका ओळखीच्यांच्या ७०२० मध्ये मी ६ जीबीचं ३०५० असंच बसवलं. प्रोसेसर तुमचाच, एसएमपीएस मूळचाच. ड्रायव्हर टाकल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ चालवली आणि शेजारी अर्धा तास जीटीए फाइव्ह चालू ठेवला:

```
nvidia-smi --query-gpu=power.draw,temperature.gpu,pcie.link.width.current --format=csv -l 5
```

दर पाच सेकंदांनी कार्ड किती वॅट खातंय, किती तापलंय आणि किती लेनवर चाललंय ते दिसतं. वॅट ६० ते ६९ च्या मध्ये खेळत राहिले. लेन ८ दाखवल्या, आणि तेच बरोबर आहे, कारण या कार्डाला मुळात आठच लेन आहेत. तिथे ४ दिसलं असतं तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये. तापमान पहिल्या दहा मिनिटांत ७४ पर्यंत गेलं. या कॅबिनेटमध्ये हवा खेळायला वाट कमी, आणि आमच्या त्या मशीनची पुढची जाळी धुळीने पूर्ण बुजलेली होती. जाळी ब्रशने साफ केली, डिस्कची लोंबणारी केबल पिंजऱ्याला बांधली, मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. तापमान ६८ वर थांबलं. नवा पंखा लावावा लागला नाही.

तुम्हीही हीच चाचणी करा. गेममध्ये मशीन फाटकन बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू झालं, तर संशय एसएमपीएसवर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या वेळेला `Kernel-Power 41` ही नोंद सापडेल. ती फक्त वीज अचानक गेल्याचं सांगते, कारण सांगत नाही, पण अशी नोंद प्रत्येक वेळी कार्डावर ताण आल्यावरच होत असेल तर उत्तर मिळालं. स्क्रीन काळी झाली पण आवाज चालूच राहिला, तर वीज पोचतेय, घोळ ड्रायव्हरचा किंवा कार्डाचा. जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाका.

आता पहिल्या दुकानदाराचं म्हणणं. एसएमपीएस बदलता येत नाही हे तुमच्या मशीनपुरतं चुकीचं आहे. मिनी टॉवरमध्ये एसएमपीएसचा डबा नेहमीच्याच एटीएक्स मापाचा आहे, त्यामुळे १४ सेंटीमीटर खोलीचा साधा एसएमपीएस स्क्रूसकट बसतो. फक्त २४ पिनांचं डेलच्या ८ पिनांत रूपांतर करणारी केबल मध्ये लागते. ती ऑनलाइन सहज मिळते, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोधलीत तरी सापडेल. भावाकडे आधीपासूनच प्लगवालं कार्ड पडलेलं असेल तरच या वाटेने जा.

ती केबल घेताना वायरीची जाडी बघा. २४ पिनांच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरी दोनच असतात. साध्या बोर्डाला चालतं, कारण त्याला ५ आणि ३.३ व्होल्ट वेगळ्या वायरींतून मिळतात. तुमच्या बोर्डाचं सगळं खाणं, म्हणजे रॅम, डिस्क, यूएसबी आणि कार्डाचे स्लॉटमधले वॅट, या दोनच वायरींतून जाणार. आवरणावर १८ एडब्ल्यूजी छापलेली वायर घ्या. २० किंवा २२ म्हणजे बारीक, आकडा वाढला की वायर पातळ होते. अर्धा तास गेम खेळून मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि लगेच त्या प्लगला बोट लावा. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर केबल काढून टाका.

पिनांची संख्या जुळते म्हणून कार्डाची ८ पिनांची केबल बोर्डाच्या ८ पिनांत दाबायचा प्रयत्न चुकूनही करू नका. आतली जोडणी वेगळी आहे, बोर्ड जागेवर जातो. तसंच, डेलची केबल एचपीला किंवा लेनोवोला चालत नाही. काही मशीनच्या बोर्डाला बंद अवस्थेतही ५ ऐवजी १२ व्होल्टचा दाब लागतो, त्यांच्या केबलमध्ये एक छोटं सर्किट बसवलेलं असतं. केबल मॉडेल नंबरावरूनच मागवा. आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट येणारा "४५० वॅट" घेऊ नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर लिहिलेत ते वाचा, त्याला १२ ने गुणा. ४५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये हा गुणाकार ४०० च्या पुढे जातो. २०० च्या आसपास आला तर तो कार्डासाठी नाही.

हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे मिनी टॉवर नसून आडवं, पातळ मशीन आहे, त्यांच्यासाठी थोडं वेगळं आहे. त्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं, एसएमपीएस खास मापाचा असल्यामुळे तो बदलणं जवळपास अशक्य, आणि काही मॉडेलमध्ये सोळा लेनचा स्लॉट एसएमपीएसच्या डब्याला इतका चिकटून असतो की दोन खणांचं जाड कार्ड शिरतच नाही. मग एका खणाचं आरएक्स ६४०० हाच शहाणा मार्ग उरतो, आणि तिथे मी ते आनंदाने सुचवतो. घेण्यापूर्वी कंपनीच्या तांत्रिक पुस्तिकेत स्लॉटला किती वॅट मिळतात ते वाचा, काही पातळ मशीनमध्ये ७५ दिलेलेच नसतात. कार्डाबरोबर छोटी पट्टी येते का हेही विचारा, सेकंडहँडमध्ये ती हमखास हरवलेली असते. हातावर मावणाऱ्या चौकोनी छोट्या डब्यात मात्र कार्डाचा स्लॉटच नसतो.

विंडोजचं एक राहिलं. चौथ्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. आडमार्गाने टाकलंत तर व्हॅलोरंट अडेल, कारण विंडोज ११ वर तो टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मागतो आणि तुमच्या बोर्डावर ती नाही. भावासाठी विंडोज १० च ठेवा. त्याचे नियमित अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबलेत, म्हणून या मशीनवरून बँकेचे व्यवहार करू नका.

कार्ड घ्यायला जाण्याआधी एसएमपीएसच्या लेबलचा आणि स्लॉटच्या बाजूने काढलेला आतला फोटो टाका, पुठ्ठ्याचं मापही कळवा. त्यावरून नेमकं कोणतं कार्ड बसेल ते सांगतो.